पूर्वांग खोटं असताना ‘जर-तर’ खरं का धरतात? सत्यता कोष्टकाच्या शेवटच्या दोन ओळी समजून घेताना

‘नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा असेल, तर गोदावरी अरबी समुद्राला मिळते.’

या विधानाचे दोन्ही तुकडे खोटे आहेत. जिल्ह्याला किनारा नाही. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते खरी, पण ती त्या समुद्राकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तरीही बारावीच्या गणिताच्या पेपरात ‘सत्यता मूल्य लिहा’ म्हणून हे विधान आलं, तर उत्तर ‘सत्य’ असंच लिहायचं असतं. गोदावरी अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागराला मिळते असं लिहिलं असतं, तरीही उत्तर बदललं नसतं.

नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना हा भाग शिकवताना मला दरवर्षी तेच दिसतं. मुलं सत्यता कोष्टक, म्हणजे विधानाच्या दोन तुकड्यांच्या खऱ्या-खोट्या चार जोड्यांचा तक्ता, पाठ करतात, गुण मिळवतात, पण ‘जर’चा भाग खोटा असलेल्या शेवटच्या दोन ओळींवर त्यांचा मनातून विश्वास बसत नाही. मग पुढे नकार, उपसंच, सिद्धता असं काही आलं की तिथे गडबड होते. या दोन ओळी कुणी मर्जीने ठरवलेल्या नाहीत. बाकीच्या मागण्या मान्य केल्या की त्या तशाच भराव्या लागतात, आणि ते कसं हे पायरीपायरीने दाखवता येतं.

पहिली पायरी: नियम कधी मोडतो, एवढंच विचारा

‘जर’नंतरच्या भागाला पूर्वांग म्हणतात, त्यासाठी p लिहू. ‘तर’नंतरचा भाग म्हणजे उत्तरांग, ते q. सगळं विधान p → q.

आता दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातलं द्राक्षांचं एखादं पॅकहाऊस डोळ्यांसमोर आणा. समजा तिथे एकच नियम लावलेला आहे: ‘पेटीवर निर्यातीचं लेबल असेल, तर आतले मणी १८ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असले पाहिजेत.’ टेबलावर चार पेट्या आहेत. पहिलीवर निर्यातीचं लेबल आहे आणि मणी १९ मिलिमीटरचे. दुसरीवर निर्यातीचं लेबल, मणी १६ मिलिमीटरचे. तिसरी स्थानिक बाजाराची, मणी १९चे. चौथीही स्थानिक बाजाराची, मणी १६चे.

सुपरवायझरने विचारलं, ‘कोणत्या पेटीने नियम मोडला?’ तर तुम्ही फक्त दुसरीकडे बोट दाखवाल. तिसऱ्या पेटीत जाड मणी आले म्हणून कुणी तक्रार करणार नाही, कारण स्थानिक बाजाराला जाड मणी पाठवायचे नाहीत असं नियमात कुठेच म्हटलेलं नाही. चौथीबद्दलही काही म्हणता येत नाही. म्हणजे चार शक्यतांपैकी p खरं आणि q खोटं ही एकच शक्यता नियमाच्या विरोधात जाते.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. तिसऱ्या-चौथ्या पेटीने नियम मोडला नाही हे मान्य, पण त्यांनी तो पाळला असं तरी कसं म्हणायचं? त्यांचा नियमाशी संबंधच नाही. मग तिथे ‘खरं’ लिहिण्याऐवजी ती जागा रिकामी का ठेवू नये? पेट्यांच्या उदाहरणाने या शंकेचं पूर्ण उत्तर मिळत नाही. त्यासाठी आकड्यांकडे जावं लागेल.

दुसरी पायरी: एक विधान घ्या, ज्याच्या खरेपणाबद्दल वादच नाही

‘कोणतीही नैसर्गिक संख्या n घ्या. n ला ४ ने भाग जात असेल, तर n सम असते.’

हे खरं आहे यावर कुणाचा आक्षेप नसेल. आता ‘कोणतीही n घ्या’ याचा अर्थ काय, ते पाहा. n च्या जागी १, २, ३ अशी कुठलीही संख्या ठेवली, तरी तयार होणारं जर-तर विधान खरं असलं पाहिजे, हाच त्याचा अर्थ. एकाही संख्येला ते खोटं ठरलं, तर सर्वसाधारण विधान कोसळलं. तेव्हा तीन संख्या ठेवून बघू.

n = ८ ठेवा. ‘८ ला ४ ने भाग जात असेल, तर ८ सम असते.’ पूर्वांग खरं, उत्तरांग खरं.

n = ६ ठेवा. ‘६ ला ४ ने भाग जात असेल, तर ६ सम असते.’ पूर्वांग खोटं, उत्तरांग खरं.

n = ७ ठेवा. ‘७ ला ४ ने भाग जात असेल, तर ७ सम असते.’ पूर्वांग खोटं, उत्तरांगही खोटं.

सर्वसाधारण विधान खरं आहे, म्हणून ही तिन्ही विधानं खरी असलीच पाहिजेत. ६ वाल्या विधानाने कोष्टकाची तिसरी ओळ भरली, ७ वाल्याने चौथी. पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं अशी जोडी देणारी संख्या सापडतच नाही, आणि विधान खरं असण्याचं कारणही नेमकं तेच.

| p | q | p → q |
|---|---|---|
| खरं | खरं | खरं |
| खरं | खोटं | खोटं |
| खोटं | खरं | खरं |
| खोटं | खोटं | खरं |

यावर चांगला विद्यार्थी अडवतो: ‘सर, ६ आणि ७ चा विचारच कशाला करायचा? विधान फक्त ४ च्या पटींबद्दल आहे.’ हा आक्षेप वरवरचा नाही. त्याला उत्तर द्यायचं तर विधान उलटून पाहावं लागतं. ‘n सम नसेल, तर n ला ४ ने भाग जात नाही.’ मूळ विधान आणि हे, दोन्ही एकच गोष्ट सांगतात हे आपण सहज मान्य करतो. पण मूळ विधान फक्त ४ च्या पटींबद्दल असेल, तर हे उलटं विधान फक्त विषम संख्यांबद्दल होईल, आणि त्या दोन गटांत एकही संख्या सामाईक नाही. संपूर्ण वेगळ्या संख्यांबद्दल बोलणारी दोन विधानं एकच गोष्ट सांगतात असं म्हणणं अवघड जातं. दोन्ही विधानं सगळ्या संख्यांबद्दल आहेत आणि ८, ६, ७ या तिन्ही प्रकारांत खरी ठरतात असं धरलं, की ही अडचण राहत नाही.

जागा रिकामी ठेवण्याचा विचार गंभीर लोकांनीही केला आहे. इटलीचे गणिती ब्रुनो द फिनेटी यांनी १९३०च्या दशकात असं मांडलं, की पूर्वांग खोटं निघालं तर जर-तर विधान रद्द झालेल्या पैजेसारखं समजावं, म्हणजे धड खरंही नाही आणि खोटंही नाही. संभाव्यतेच्या अभ्यासात तो विचार आजही कामाचा आहे. पण त्यासाठी सत्यतेची दोन मूल्यं सोडून तिसरं आणावं लागतं, आणि मग ‘आणि’, ‘किंवा’, ‘सर्व’ या सगळ्यांचे नियम नव्याने लिहावे लागतात. दोनच मूल्यं ठेवायची असतील, तर रिकामी जागा हा पर्याय मिळत नाही.

तिसरी पायरी: दुसरं काही भरून पाहा

संख्यांचा युक्तिवाद पटला असेल तरी ही पायरी स्वतःच्या हाताने करा, कारण खात्री इथे पक्की होते. पहिल्या दोन ओळींवर वाद नाही: खरं-खरं असेल तर खरं, खरं-खोटं असेल तर खोटं. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत ‘खरं’ किंवा ‘खोटं’ लिहायचं, म्हणजे एकंदर चारच प्रकारे कोष्टक पूर्ण होऊ शकतं. एकेक तपासू.

दोन्ही ओळींत ‘खोटं’ लिहिलं, तर विधान फक्त पहिल्या ओळीत खरं राहतं. पण हे तर ‘p आणि q’चं कोष्टक झालं. पॅकहाऊसच्या नियमाचा अर्थ मग असा होईल की पेटी निर्यातीचीच हवी आणि मणीही जाडच हवेत. स्थानिक बाजाराची पेटी टेबलावर ठेवली, की नियम मोडला!

तिसऱ्या ओळीत ‘खोटं’ आणि चौथीत ‘खरं’ लिहिलं, तर p आणि q दोन्ही सारखे असतील तेव्हाच विधान खरं ठरतं. हे ‘जर आणि तरच’ झालं. मग स्थानिक पेटीत १९ मिलिमीटरचे मणी भरणं हा नियमभंग ठरेल.

तिसऱ्या ओळीत ‘खरं’ आणि चौथीत ‘खोटं’ लिहिलं, तर शेवटचा स्तंभ q च्या स्तंभाशी तंतोतंत जुळतो. लेबलला काही अर्थच उरत नाही. प्रत्येक पेटीत जाड मणी हवेत, एवढाच नियम राहतो.

तिन्ही पर्याय पॅकहाऊसने जे सांगितलं त्याहून जास्त काहीतरी सांगतात. उरतो एकच पर्याय, दोन्ही ओळींत ‘खरं’. चारांमधलं सगळ्यात कमी दावा करणारं कोष्टक तेच आहे: ‘p खरं असून q खोटं, असं होणार नाही’, बस. म्हणूनच p → q च्या जागी ‘p नाही, किंवा q आहे’ असं लिहिलं तरी चालतं. माझ्या मते हा युक्तिवाद पाठ्यपुस्तकात कोष्टकाच्या आधी यायला हवा, कारण तो कळल्यावर कोष्टक पाठ करायची गरज उरत नाही.

चौथी पायरी: नकार नीट लिहा

बहुतेक चुका इथे होतात. ‘निर्यातीची पेटी असेल तर मणी जाड असतात’ याचा नकार लिहा म्हटलं, की बरेच जण लिहितात, ‘निर्यातीची पेटी असेल तर मणी जाड नसतात.’ म्हणजे p → q चा नकार p → ~q असा, इथे ~q म्हणजे ‘q नाही’.

हे चुकीचं आहे हे कोष्टकावरूनच कळतं. समोर स्थानिक बाजाराची पेटी आहे, म्हणजे p खोटं. अशा वेळी p → q खरं, आणि p → ~q सुद्धा खरं. विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, म्हणून ही जोडी नकाराची नव्हे. कोष्टकात p → q फक्त दुसऱ्या ओळीत खोटं होतं, तेव्हा नकार त्या ओळीचं वर्णन करणारा हवा: p ∧ ~q. ‘पेटी निर्यातीची आहे आणि मणी जाड नाहीत.’ नकारात ‘जर-तर’ उरत नाही, ‘आणि’ येतं. तुमच्या उत्तरात अजूनही बाण दिसत असेल, तर p खोटं ठेवून दोन्ही विधानं तपासा. चूक असेल तर लगेच सापडते.

पाचवी पायरी: ‘मग काहीही सिद्ध करता येईल’ ही भीती तपासा

खोट्या पूर्वांगापुढे काहीही जोडलं तरी विधान खरं. मग तर्कशास्त्र कोसळत कसं नाही? कारण p → q खरं असल्यावरून q पर्यंत पोचायचं असेल, तर p सुद्धा खरं असल्याचं हातात असावं लागतं. ‘नाशिक जिल्ह्याला किनारा असेल, तर गोदावरी अरबी समुद्राला मिळते’ हे विधान खरं मानलं म्हणून नदीची दिशा बदलत नाही. त्यातून गोदावरीबद्दल काही मिळवायचं, तर आधी नाशिकला किनारा आहे हे दाखवा, आणि ते दाखवता येणार नाही. खोट्या पूर्वांगाने खरं ठरलेलं विधान निरुपयोगी असतं, पण त्याने कुठलाही खोटा निष्कर्ष निघत नाही.

माणसं ‘जर-तर’चा हा अर्थ प्रत्यक्षात वापरतात का, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली चार पत्त्यांच्या कोड्यातून तपासलं. पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक. कोणते पत्ते उलटून पाहावे लागतील? बहुतेकांची उत्तरं चुकली. ते स्वराचा पत्ता निवडायचे, पण विषम अंकाचा सोडून द्यायचे. पुढे १९८२ साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडं दारू पिण्याच्या वयाच्या नियमावर बेतलं, तेव्हा बहुसंख्य लोकांनी बरोबर उत्तर दिलं. पॅकहाऊसच्या टेबलावरही तेच होतं. झाकलेल्या चार पेट्यांपैकी एकीवर निर्यातीचं लेबल दिसतंय, एकीवर स्थानिक बाजाराचं, तिसरीचे जाड मणी दिसतात आणि चौथीचे बारीक, पण या दोघींची लेबलं दिसत नाहीत. अनुभवी माणूस पहिली उघडतो आणि चौथीचं लेबल बघतो. स्थानिक लेबलच्या पेटीला तो हातही लावत नाही, कारण तिच्यात काहीही निघालं तरी नियम खोटा पडणार नाही हे त्याला ठाऊक असतं. कोष्टकाची तिसरी आणि चौथी ओळ त्याने न शिकता वापरलेली असते.

सहावी पायरी: रिकाम्या यादीपासून सावध राहा

रिकामा संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो, हे वाक्य याच दोन ओळींवर उभं आहे. A हा B चा उपसंच आहे म्हणजे प्रत्येक x साठी ‘x हा A मध्ये असेल, तर तो B मध्ये असतो’. A रिकामा असेल तर पूर्वांग कधीच खरं होत नाही, म्हणून विधान प्रत्येक x साठी खरं. एवढ्यावर सिद्धता संपते.

संगणकाच्या भाषाही हेच पाळतात. पेट्यांचा नियम पायथनमध्ये असा तपासता येतो:

```python
petya = [("EXP", 19), ("EXP", 16), ("LOC", 19), ("LOC", 16)]
print([l != "EXP" or j >= 18 for l, j in petya])
# [True, False, True, True]
print(all([]))
# True
```

पहिल्या उत्तरात कोष्टकच दिसतं: फक्त दुसरी पेटी `False`. शेवटची ओळ सांगते, की रिकाम्या यादीतल्या ‘सगळ्या’ गोष्टी पास होतात. धोका इथेच आहे. समजा, यादी भरणाऱ्याने लेबल `EXP` ऐवजी `exp` असं टाइप केलं. प्रोग्रामच्या दृष्टीने मग एकही पेटी निर्यातीची उरत नाही, पूर्वांग प्रत्येक ठिकाणी खोटं होतं, आणि १६ मिलिमीटरच्या पेटीसह सगळ्या पेट्या `True` होऊन बाहेर येतात. तर्क बिनचूक, पण अहवाल फसवा. हे पकडायचा मार्ग सोपा आहे: किती पेट्या पास झाल्या याबरोबरच किती पेट्यांमध्ये पूर्वांग खरं होतं, तोही आकडा छापा. तो शून्य असेल, तर ‘सगळं ठीक’ याचा अर्थ काहीच तपासलं गेलं नाही असा होतो.

हे कोष्टक कुठे लावू नये

हा वाद आजचा नाही. मेगारा परंपरेतल्या फिलो या ग्रीक तत्त्वज्ञाने इसवी सनपूर्व ३०० च्या आसपास जवळजवळ हीच व्याख्या दिली होती, आणि त्याचेच गुरू डायोडोरस यांना ती मान्य नव्हती. पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं असं आत्ता नाही एवढं पुरेसं नाही, तसं कधीही होणं शक्य नसावं, असं त्यांचं म्हणणं होतं. १८७९ साली जर्मन गणिती गॉटलोब फ्रेगे यांनी आधुनिक तर्कशास्त्राची मांडणी केली तेव्हा फिलोची बाजू घेतली, कारण गणिताला तेवढं पुरतं. १९१२ पासून अमेरिकन तत्त्वज्ञ सी. आय. लुईस यांनी पुन्हा कडक अटीची मागणी लावून धरली.

तक्रारीत तथ्य आहे. कोष्टक कारण-परिणाम बघत नाही. कोणतीही दोन विधानं घ्या, p → q आणि q → p यांपैकी एक तरी नेहमी खरं निघतं, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी. गणितात हे चालतं, कारण तिथे जर-तर जवळजवळ नेहमीच ‘प्रत्येक n साठी’ असं येतं, आणि संबंध त्या ‘प्रत्येक’मधून येतो.

घडून गेलेल्या गोष्टींबद्दल ‘असं नसतं तर’ म्हणताना मात्र हे कोष्टक उपयोगाचं नाही. भारतीय न्यायदर्शनात ‘विस्तव नसता, तर धूरही नसता’ असं म्हणतात, तेव्हा विस्तव समोर असतोच. पूर्वांग खोटं आहे हे धरूनच बोलणं चाललेलं असतं, आणि सगळा जोर धूर-विस्तवाच्या व्याप्तीवर, म्हणजे जिथे धूर तिथे विस्तव या अटळ संबंधावर असतो. कोष्टक लावलं, तर ‘विस्तव नसता, तरी धूर असता’ हेही तितकंच खरं ठरेल. नाशिककर म्हणतात, ‘गंगापूर धरण नसतं, तर शहराला पाण्याची टंचाई भासली असती.’ धरण आहे, म्हणून कोष्टकाच्या हिशेबाने हे खरं, आणि ‘टंचाई भासली नसती’ हेही खरं. दोन्हींतलं बरोबर कोणतं हेच तर आपल्याला विचारायचं असतं. अशा विधानांसाठी अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी १९६८ मध्ये आणि डेव्हिड लुईस यांनी १९७३ मध्ये वेगळं तर्कशास्त्र मांडलं. त्यात आपल्या जगाशी शक्य तितकं मिळतंजुळतं, पण धरण नसलेलं जग कल्पून तिथे उत्तरांग खरं ठरतं का, ते पाहतात. कोणतं जग जास्त मिळतंजुळतं हे कुठलंही कोष्टक सांगू शकत नाही. त्यासाठी पाऊस, विहिरी आणि नदीचा उन्हाळी प्रवाह यांची माहिती लागते.